थोडंसं थक्क होता येतं का?

लातूरला मी बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं बहुतेक मराठी माध्यमातून आलेली असतात, औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या बाजूची. अनुवादासाठी उतारे मी स्वतःच लिहिते, कारण पुस्तकातल्या उताऱ्यांची मराठी त्यांना कुठून ना कुठून आयती मिळते. मागच्या पावसाळ्यात असाच एक पाच ओळींचा उतारा लिहून दिला होता. गोष्ट साधी होती. एक म्हातारी घरात एकटी झोपली आहे. रात्री दारावर थाप पडते, तेव्हा ती स्टार्टल्ड होते. कुत्रं भुंकलं नाही म्हणून सरप्राइज्ड होते. दार उघडते तर समोर अकरा वर्षांपूर्वी निघून गेलेला मुलगा उभा असतो, आणि ती अॅस्टॉनिश्ड होते. ‘तो आता काही परत येत नाही’ असं वर्षानुवर्षं सांगणारा शेजारी फ्लॅबरगास्टेड होतो. मग मुलगा सांगतो की बरोबर गेलेला धाकटा भाऊ तिकडेच वारला. ते ऐकून म्हातारी स्टन्ड होते.

बावीस वह्या आल्या. त्यातल्या सतरा वह्यांत म्हातारी तिच्या चारही ओळींत आश्चर्यचकित झाली होती. म्हणजे दारावरची थाप ऐकून आश्चर्यचकित आणि पोटचा मुलगा गेल्याचं ऐकूनही आश्चर्यचकित. शेजारीसुद्धा तेच.

मुलांना रागावण्यात अर्थ नव्हता. शब्दकोशात बघितलं तर या सगळ्या शब्दांपुढे तेच लिहिलेलं असतं. पण ही मुलं घरी बोलताना अशी चूक कधीच करणार नाहीत. शेतात पायाशी साप सळसळला तर कुणी ‘मी आश्चर्यचकित झालो’ म्हणत नाही. शब्द त्यांच्याकडे होते, वहीपर्यंत येत नव्हते. म्हणून त्या आठवड्यात मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि फळ्यावर एक शिडी काढली. म्हटलं, आपल्याला अचानक काहीतरी होतं त्याचे जेवढे शब्द घरी ऐकलेत तेवढे सांगा, आणि कमी जोराचा खालच्या पायरीवर, जास्त जोराचा वरच्या पायरीवर असे मांडू.

शब्द भराभर आले. नवल, अचंबा, दचकला, चमकला, बिचकला, गांगरला, चाट पडला, चक्रावला, हबकला, थक्क झाला, गार पडला, सुन्न झाला. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तोंडात बोट घातलं.’ पुस्तकातून आलेले विस्मित, स्तंभित आणि अवाक् मागाहून आले. एकमताने सगळ्यांत खालची पायरी मिळाली दचकण्याला, कारण ‘ते तर मांजर आडवं गेलं तरी होतं.’

दचकणं खाली ठेवलं ते मलाही पटलं होतं. हा शब्द मनाचा कमी आणि अंगाचा जास्त. मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आत जाते, खांदे वर येतात, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत सुरू झालेलं असतं. काय वाजलं ते कळायच्या आधीच आपण दचकून झालेलो असतो. म्हणून तान्हं बाळ दचकतं, झोपलेला माणूस दचकतो, शेळी दचकते. बाळ थक्क होत नाही. थक्क व्हायला आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं, आणि त्याच्यापेक्षा वेगळं समोर यावं लागतं. इंग्रजीतला स्टार्टलही असाच अंगाचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या मुळाशी पाय झाडण्याचा, धडपडण्याचा अर्थ होता.

दचकण्याच्या शेजारी आपल्याकडे एक मोठं भावकीचं घर आहे, ते मुलांनीच उघडून दाखवलं. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची पिशवी फडफडली की बैल बुजतो. नवीन माणूस दिसला की वासरू बिचकतं, लहान मूलही बिचकतं. या दोन्हींत भीतीचा अंश आहे आणि मागे सरकणं आहे. चमकणं मात्र माणसाचंच. कुणी आपलं जुनं, घरातलं नाव गर्दीत घेतलं तर आपण चमकून बघतो. त्यात अंग हलतं, पण डोकंही त्याच क्षणी जागं झालेलं असतं. उताऱ्यातल्या म्हातारीला थापेऐवजी ओळखीचा खोकला ऐकू आला असता, तर ती दचकली नसती, चमकली असती. एवढ्या एका शब्दाने वाचणाऱ्याला कळलं असतं की दाराबाहेर कोण आहे हे तिला आधीच उमगलंय.

दुसऱ्या दिवशी शिडीवरून भांडण झालं. थक्क वर की अचंबा वर, चक्रावणं कुठे, यावर दोन बाकांचं एकमत होईना. तेव्हा औश्याकडच्या एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, थोडंसं थक्क होता येतं का?’

वर्ग हसला, पण मला तो प्रश्न फार आवडला, कारण जोर मोजायचं माप त्याने नकळत हातात दिलं होतं. थोडं आश्चर्य वाटलं, जरा नवल वाटलं, किंचित दचकले, ही सगळी वाक्यं चालतात. ‘ती थोडी थक्क झाली’ कानाला टोचतं. ‘जरा अवाक् झाली’ त्याहून टोचतं, आणि ‘किंचित स्तंभित’ तर उभंच राहत नाही. कारण या शब्दांना अधलीमधली पातळीच नाही. माणूस एक तर थक्क असतो, नाही तर नसतो. उलटीकडून मापायचं तर आपल्या बोलीतला ‘पार’ घ्यावा. पार चक्रावला, पार हबकला, पार गांगरला. जिथे काहीतरी शेवटाला जाऊन पोचतं तिथे ‘पार’ बसतो. ‘मला पार आश्चर्य वाटलं’ असं मात्र कुणी म्हणत नाही, कारण आश्चर्याला असा काठ नाही. ते वाढत जाईल, खूप होईल, फार होईल, पण कुठे संपणार नाही.

इंग्रजीतही नेमकं हेच घडतं, म्हणून मग तिकडे वळणं सोपं गेलं. सरप्राइज्डच्या आधी व्हेरी लागतो, अ बिट लागतो. फ्लॅबरगास्टेडच्या आधी व्हेरी लावला की वाक्य परक्याने लिहिल्यासारखं वाटतं. तिथे अॅब्सोल्यूटली लागतो. आधीच भरलेल्या घागरीत ‘खूप’ ओतायला जागा नसते, ती काठोकाठ भरली आहे एवढंच सांगता येतं. अॅस्टॉनिश्ड मधे उभा आहे. त्याला व्हेरी लावणारे सापडतात, पण अ बिट लावलं तर खटकतं. मुलांनी हे एकदा कानाने ओळखलं, मग पाठ करायची गरज पडली नाही.

याच्याही आत एक गोष्ट आहे आणि ती मराठीच्या व्याकरणातच बसलेली आहे. आपण म्हणतो, ‘मला आश्चर्य वाटलं.’ या वाक्यात कर्ता आश्चर्य आहे. ते आलं, मला वाटलं आणि गेलं. मी होते तिथेच राहिले. नवलाचंही तसंच, मला नवल वाटलं. पण थक्क वाटत नाही, थक्क व्हावं लागतं. ‘मी थक्क झाले’ म्हटलं की बदल माझ्यात झालेला असतो. दचकण्याला तर वाटणंही नको आणि होणंही नको, ते स्वतःच क्रियापद आहे. ‘तोंडात बोट घातलं’ आणि ‘चाट पडला’ यांत माणूस काहीतरी करतो किंवा पडतो. एखादा शब्द वाटण्यातला आहे की होण्यातला, एवढं बघितलं तरी वाक्यात तो किती वजनाने बसणार याचा अर्धा अंदाज येतो.

आणि जे फक्त वाटतं, ते हळूहळू सौम्य होत सभ्यपणाकडे सरकतं. ‘तुमचं मला आश्चर्य वाटतं’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकाचं नाही. लग्नाच्या बैठकीत, भाऊबंदकीच्या वाटणीत हे वाक्य निघालं की समोरच्याने समजावं, हा ठपका आहे. ‘तुझं नवल वाटतं गं’ मात्र बऱ्याचदा मायेने म्हटलं जातं, चार लेकरं सांभाळून शिवणकाम करणाऱ्या सुनेला. तसंच नवल ‘नाही’च्या संगतीतही छान रमतं. त्यात काय नवल, नवल नाही, नवल ते काय. या जागी थक्क घालून बघा. ‘त्यात काय थक्क’ असं वाक्य मराठीत होत नाही.

म्हणून कुत्रं न भुंकण्याच्या ओळीत मला नवल हवं होतं. कुत्रं भुंकलं नाही ही गोष्ट लहान आहे. तिचं नवल वाटतं, आणि त्या नवलात पुढे येणाऱ्या ओळखीच्या माणसाची चाहूल आहे. कुत्र्याने त्याला म्हातारीच्या आधी ओळखलं होतं.

तिसरी ओळ अवघड होती. अकरा वर्षांनी मुलगा समोर, आणि म्हातारी अॅस्टॉनिश्ड. या शब्दाच्या पोटात ढगाचा गडगडाट आहे. लॅटिनमध्ये मेघगर्जनेला जो शब्द होता त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये एक क्रियापद आलं, आणि त्यातून इंग्रजीत अॅस्टॉनिश आणि स्टन हे दोन्ही निघाले. म्हणजे मूळ अर्थ वीज कडाडल्यावर माणूस जसा बधिर होतो तसं होणं. दोघे सख्खे भाऊ, पण एक झिजला आणि एक राहिला. आज इंग्रजीत एखाद्या दुकानातली किंमत ऐकूनही अॅस्टॉनिश्ड होता येतं. स्टन्डमध्ये अजून डोक्यावर बसलेला घाव शिल्लक आहे.

आपल्याकडे अशी झीज चकितची झाली. संस्कृतात चकित म्हणजे भ्यालेला, थरकापलेला. पाण्यावर आलेली हरिणी कान टवकारून उभी राहते, ती चकित. मराठीत येईपर्यंत त्यातली भीती गळून गेली आणि नुसतं आश्चर्य उरलं. तेही पुरेना म्हणून त्याला पुढे आश्चर्य जोडून आश्चर्यचकित केलं. दोन झिजलेली नाणी एकत्र बांधून मोठी रक्कम होत नाही. सतरा वह्यांत हा शब्द आला त्याचं कारण हेच असावं. तो कुठेच चुकत नाही, कारण तो कुठेच लागत नाही.

थक्क मात्र अजून शाबूत आहे, आणि मला त्याचं मूळ फार जवळचं वाटतं. प्राकृतात थक्क म्हणजे थांबणं, उभं राहणं. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात ‘स्था’ या धातूच्या जागी येणाऱ्या रूपांत थक्क दिलेला आहे. ते प्राकृत म्हणजे मुख्यतः महाराष्ट्री, आपल्या पैठणच्या सातवाहनांच्या काळात बहरलेली भाषा. हिंदीत त्याच घराण्यातून थकना गेला, दमून थांबणं. मराठीत बघून थांबणं राहिलं.

ते थांबणं बघायचं असेल तर वेरूळला सोळाव्या लेण्यासमोर जावं. मी मुलांची सहल घेऊन दोनदा गेले आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळात ते कैलास मंदिर एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणलं. कळस आधी झाला आणि पायथा शेवटी. समोरच्या दारातून आत शिरताना मुलं बडबडत असतात, कारण देऊळ म्हणजे काय ते त्यांनी गावोगाव पाहिलेलं असतं. मग बाजूच्या टेकडीवरून त्यांना नेते आणि खाली बघायला लावते. चहूबाजूंनी उभा कातळ आणि मधे देऊळ. हे बांधलेलं नाही, भोवतालचा दगड काढून टाकल्यावर हे उरलेलं आहे, हे डोक्यात उतरायला तिथे अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात पावलं थांबतात. आधीचं माहीत असलेलं आणि समोरचं दिसणारं जुळत नाही, आणि ते जुळेपर्यंत माणूस हलत नाही. हे थक्क होणं. तिथे कुणी दचकलं नव्हतं आणि कुणी सुन्नही झालं नव्हतं.

स्तंभितचं चित्र तेच, पण कोरडं. स्तंभ म्हणजे खांब. नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितलेत त्यांतला पहिला स्तंभ आहे, अंग ताठरून जागच्या जागी राहणं. त्याच शास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव. शब्द मोठे आहेत, पण आज स्तंभित अग्रलेखात जास्त आणि तोंडात कमी दिसतो. अवाक्‌मध्ये वाचा जाते, बाकी माणूस शाबूत असतो. म्हणून पोराला बघून म्हातारीचं काय झालं असेल असं मी विचारलं, तेव्हा एका मुलीने वही न बघता सांगितलं, ‘तिच्या तोंडातून शब्द फुटला नसंल.’ तिने अवाक्‌चा अर्थच सांगितला होता, फक्त त्या घरात शोभेल अशा शब्दांत. मी तेच ठेवलं.

फ्लॅबरगास्टेडला वेळ लागला नाही. १७७२ साली लंडनच्या एका वार्षिकात नव्या फॅशनच्या शब्दांवर लिहिताना हा शब्द नोंदला गेला, आणि त्याच्या जोडीला बोअर होता. तो कुठून आला ते कुणी ठामपणे सांगू शकलेलं नाही. ऐकतानाच त्याचं गालफड हलतं. त्यात थोडी फजिती आहे. ज्याने ठामपणे काहीतरी सांगितलं आणि ज्याचं सांगणं सगळ्यांदेखत खोटं पडलं, तो असा होतो. यासाठी आपला चाट पडणं इतका चपखल आहे की मला शोधावंच लागलं नाही. शेजारी चाट पडला. म्हातारी चाट पडली असं मात्र म्हणवत नाही. तिची फजिती झालेली नाही.

इथे एक आडवाट घेते. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, उर्दू माध्यमात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी त्यांच्या पिढीच्या मराठीत उर्दू मुरलेली राहिली. ते ताज्जुब म्हणायचे, आणि हैराणही म्हणायचे, पण हैराण उर्दूच्या अर्थाने, म्हणजे चकित. माझ्या आत्याला पुण्याकडे दिली होती. तिच्या सासऱ्यांनी लग्नानंतर स्वतःहून तिच्या पुढच्या शिक्षणाची तयारी दाखवली आणि तसं पत्र पाठवलं. आजोबांनी आनंदाने उत्तर लिहिलं, ‘आपले पत्र वाचून आम्ही अगदी हैराण झालो.’ पुण्याकडे हैराण म्हणजे त्रासून गेलेला. पत्र वाचून त्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही म्हणे. आत्याने समजूत घातली तेव्हा गैरसमज निवळला. मला ही गोष्ट आठवते ती यासाठी की शब्दाचा जोर किती हे ठरवायच्या आधी तो कुठल्या बाजूला झुकलाय ते बघावं लागतं. थक्क बहुधा मोठेपणाकडे झुकतो. हबकणं वाईटाकडेच जातं. बक्षीस लागल्याचं ऐकून कुणी हबकत नाही, आणि हबकला असेल तर त्याला त्या बक्षिसाची भीती वाटली असली पाहिजे. सुन्न तर एकाच बाजूचा आहे.

शेवटची ओळ सुन्नची होती, आणि तिथे मला किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलावं लागलं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून तसं दूर. आमच्या भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूला घरं मातीत बसवलेल्या दगडांची होती, वर माळवदाचं जड मातीचं ओझं. ती झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली.

त्या रात्रीबद्दल आमच्याकडे जे बोललं जातं, त्यात शब्दांचा एक क्रम कायम असतो. मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलाय आणि तो फारसा बदलत नाही. दचकून उठलो. काही सुधरंना, गांगरलो. बाहेर पळालो. उजाडल्यावर गाव बघून हादरलो. आणि मग सुन्न. पहिल्या शब्दाला क्षण पुरतो. गांगरणं मिनिटांचं, त्यात माणूस चुकीच्या दिशेला धावतो, पोराऐवजी उशी उचलतो. हादरणं दिवसाउजेडी, काय झालंय ते कळल्यावर. सुन्न होणं मात्र दिवसांच्या हिशोबात. ‘तासभर दचकला’ असं म्हणता येत नाही, ‘तीन दिवस सुन्न होता’ म्हणता येतं. सुन्न आला शून्यावरून. हातापायाला मुंग्या येऊन जागा बधिर पडते तिलाही आपण सुन्नच म्हणतो, टाचणी टोचली तरी कळत नाही. दुःखाने सुन्न झालेल्या माणसाला दुःख होतंय असंही त्या वेळी म्हणता येत नाही. ते होण्याची जागाच बंद झालेली असते.

त्याच घटनेला दुसरीकडे वेगळा शब्द लागला, आणि तोही खरा होता. दख्खनचं पठार म्हणजे जुना, स्थिर खडक असं भूगर्भशास्त्रज्ञ मानत आले होते. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. अशा जागी ६ च्या वरचा धक्का बसला याने ते चकित झाले, चक्रावले. २००२ साली नकाशा बदलला आणि किल्लारीचा भाग वरच्या पट्ट्यात गेला. चक्रावणं योग्यच आहे, कारण त्यात डोकं चालू असतं, गोल फिरत का होईना. ‘शास्त्रज्ञ सुन्न झाले’ म्हटलं तर त्यांच्या कामाचं वर्णन चुकतं, आणि ‘गाव चकित झालं’ म्हटलं तर गावावर अन्याय होतो.

हे अन्यायाचं मी मनापासून म्हणते. हल्ली मोबाइलवर प्रत्येक मथळ्यात ‘वाचून थक्क व्हाल’ आणि ‘धक्कादायक’ असतं, भाजीच्या भावाला आणि अपघातालाही. मला भीती वाटते ती उद्याच्या त्या वह्यांची, ज्यांत चकितसारखाच सुन्नही झिजलेला असेल. मग म्हातारीसाठी काय वापरायचं?

चौथ्या दिवशी मुलांनी उतारा पुन्हा लिहिला. सगळ्यांचं मिळून फळ्यावर जे उतरलं ते असं:

‘दारावर थाप पडली तशी म्हातारी दचकून उठली. कुत्रं भुंकलं नाही याचं तिला नवल वाटलं. दार उघडलं तर पोरगा. अकरा वर्षांनी. तिच्या तोंडून शब्द फुटेना. आता काही तो येत नाही म्हणणारा शेजारी चाट पडला. धाकट्याचं ऐकलं आणि म्हातारी उंबऱ्यात सुन्न बसून राहिली.’

‘सुन्न झाली’ लिहायचं की ‘सुन्न बसून राहिली’ यावर थोडी चर्चा झाली. बसून राहिली ठेवलं, कारण झाली म्हटलं की वाक्य तिथेच संपतं आणि ती मात्र अजून तिथेच आहे. मूळ इंग्रजीत उंबरा नव्हता. तो मुलांनी आणला, मी राहू दिला.

शिडी पुसायला घेतली होती. खाली दचकणं, वर सुन्न, मधले शब्द जागा बदलून बदलून खडूने गिचमिड झालेले. तेवढ्यात थोडंसं थक्कचा प्रश्न विचारणारा तोच मुलगा उठला. त्यांचं गाव भूकंपानंतर नवीन जागेवर वसवलेलं आहे. त्याचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला.

‘मॅडम, दचकणं सगळ्यात खाली ठेवायचं का?’

मी म्हटलं, तुम्हीच तर ठेवलं होतं.

‘व्हय. पण आमची आजी सुन्न होती ती तेव्हा होती. आता बोलते, हसते, शेतात बी जाते. पण रात्री रोडनं भरलेला ट्रक गेला ना, भांडी वाजतेत जरा, तर अजून दचकून उठते. उठते आन् आधी मला हात लावून बघते.’

मी डस्टर खाली ठेवलं.